आयसोफिक्स की सीटबेल्ट? फोटोवरून चुका शोधताना पडलेला फरक

चाइल्ड सीट घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न येतो: आयसोफिक्सवाली, म्हणजे गाडीतल्या दांड्यांना थेट अडकणारी घ्यायची, की गाडीच्या सीटबेल्टने बांधायची? किंमत, वजनमर्यादा, कापड धुता येतं का, हे सगळं दुकानाच्या पानावर असतं, त्यामुळे ते सोडून देतो. मी दोन्ही वापरल्या आहेत. जुन्या हॅचबॅकमध्ये बेल्टने बांधायची होती, गाडी बदलल्यावर आयसोफिक्सची घेतली. त्यातून नात्यातले आणि सोसायटीतले आईबाप सीट बसवून झाली की मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "जरा बघ ना, नीट बसलीय का?" अमेरिकेत या कामासाठी प्रमाणपत्र घेतलेले तंत्रज्ञ असतात. आपल्याकडे बहुतेकांना माहितीपुस्तिका आणि एखादा ओळखीचा माणूस यांवरच भागवावं लागतं. म्हणून मी दोन्ही प्रकार एकाच बाजूने तोलतो: घरी बसवताना झालेली चूक फोटोत दिसते का?

आयसोफिक्सच्या फोटोत आधी सीटच्या दोन हातांवरच्या छोट्या खिडक्या बघतो. गाडीच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत दोन लोखंडी दांड्या असतात, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. सीटचे दोन हात त्यांना खट् आवाज करून अडकतात आणि प्रत्येक हातावरची छोटी खिडकी लाल होती ती हिरवी होते. एक हिरवी आणि दुसरी लाल, ही सगळ्यात नेहमीची चूक, कारण एक हात आधी अडकला की सीट घट्ट बसल्यासारखी वाटते. ही चूक फोटोत लगेच सापडते, फक्त दोन्ही बाजूंचे वेगळे फोटो हवेत.

पण दोन हिरव्या खिडक्यांवर काम संपत नाही. नुसत्या त्या दोन दांड्यांवर अडकलेली सीट धडकेत पुढे कलंडू शकते, म्हणून तिला तिसरा आधार लागतो: सीटच्या वरच्या भागातून मागे जाऊन गाडीला अडकणारा टॉप टेदरचा पट्टा किंवा गाडीच्या जमिनीवर टेकणारा सपोर्ट लेग. टेदरच्या फोटोत मला बऱ्याचदा दिसतं की हुक डिकीतल्या सामान बांधायच्या कडीत अडकवलाय. ती कडी बॅग घसरू नये म्हणून असते, मुलाचं वजन पेलायला नसते. खरी टेदरची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत तिच्याजवळ नांगराचं चिन्ह असतं. सपोर्ट लेगच्या फोटोत पायाचा तळ बघायचा. तो अधांतरी नको, आणि त्याच्याखाली मॅट गोळा झालेलं नको. पाय ठेवायच्या जागेत झाकणवाला कप्पा असेल तर गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय तिथे सपोर्ट लेग टेकवायचा नाही. हे सगळं फोटोत दिसतं. आयसोफिक्सची मला आवडलेली बाजू हीच. चूक असली तर ती दिसते, आणि दिसली की फोनवर सांगून दुरुस्त होते.

बेल्टने बांधलेल्या सीटच्याही काही चुका फोटोत पकडता येतात. युरोपच्या आर४४ या सुरक्षा मानकाच्या सीटवर बेल्ट कुठून न्यायचा ते रंगाने दाखवलेलं असतं: तोंड मागे असेल तर निळा, पुढे असेल तर लाल. निळ्या खाचेतून बेल्ट गेलाय आणि मूल पुढे बघतंय, असा फोटो आला तर पुढचं काही बघायचीच गरज नसते. पिळलेला बेल्टही दिसतो. थोडी लपलेली चूक बकलची आहे. काही गाड्यांत बकलची दांडी लांब असते, मग बकल थेट सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन बसतं. बेल्ट ओढावा तसं बकल कडेवर दाबलं जातं. बेल्ट घट्ट होत नाहीच, वर धडकेत बकलवर आडवा ताण येतो. यासाठी बकलचा जवळून फोटो मागतो. प्लॅस्टिकच्या कडेवर नुसता बेल्टचा पट्टा वळलेला दिसला पाहिजे, बकल नाही.

बेल्टपासून माझं मन उडालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. बेल्ट ढिला आहे की घट्ट, हे फोटोत कळत नाही. आपल्या गाड्यांतले मागचे बेल्ट बहुतेक करून झटका बसला तरच अडकतात, एरवी सावकाश ओढले की सैल सुटत जातात. म्हणून बऱ्याच सीटना स्वतःची चिमट्यासारखी पकड असते, ती बेल्टवर बंद करायची. ती उघडी राहिली तर बसवताना घट्ट असलेली सीट वळणावर, खड्ड्यावर हळूहळू सैल होते. फोटोत दोन्ही अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात. शिवाय बेल्टची सीट दर वेळी काढून परत बसवली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सामानासाठी काढली, कापड धुवायला काढली, आजोबांना मागे बसायचं म्हणून काढली, की कालच्या "बरोबर आहे" या उत्तराला काही अर्थ उरत नाही. आयसोफिक्सची सीट काढून परत लावताना खिडक्या आणि तिसरा आधार पुन्हा बघितला की झालं.

नाशिकच्या मावसभावाचं उदाहरण देतो. मुलगी अडीच वर्षांची, सीट पुढे तोंड करून, बेल्टने बांधलेली. फोटो उत्तम होता: लाल खाच बरोबर, बेल्ट सपाट. "दादा, हलवून बघितली, पक्की आहे," असंही लिहिलं होतं. पण त्याने सीट वरून, डोक्याच्या बाजूला धरून हलवली होती, आणि तिथे कुठलीही सीट थोडी हलतेच. घट्टपणा बघायचा तो बेल्ट सीटमधून जातो त्या जागी. मी त्याला गाडीच्या सीटवर, चाइल्ड सीटच्या तळाच्या कडेला लागून, रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगितलं. मग बेल्टच्या खाचेजवळ एका हाताने धरून, आपण दार ओढतो तेवढ्या जोराने आडवं ओढायचं आणि ओढून धरलेलं असताना दुसरा फोटो काढायचा. पहिल्या फोटोत पट्टी कडेला चिकटून होती, दुसऱ्यात मध्ये तीन बोटांची फट. साधारण अडीच सेंटिमीटरच्या आत हलली तर चालते, ही त्याहून बरीच जास्त होती.

कारणं दोन निघाली. चिमटा बंद केलेलाच नव्हता, आणि त्या जागी बकल कडेवर बसत होतं. बकलला उपाय करण्यापेक्षा जागा बदलणं सोपं होतं. दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी दांडी आखूड होती, तिथे बकल कडेच्या बरंच खाली राहिलं. मग त्याने एक गुडघा सीटमध्ये रोवून वजन दिलं, खांद्याकडचा बेल्ट वर ओढून सगळी ढील काढली आणि त्याच दमात चिमटा बंद केला. पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा ओढ. या वेळी बोटभरही फट नव्हती. दोन फोटोंची ही युक्ती बेल्टवाल्या प्रत्येकाने करावी. ती जमली तर बेल्टची सीट आयसोफिक्सइतकी भक्कम बसू शकते, हे मोकळेपणाने मान्य करतो.

एक गोष्ट परदेशातून सीट आणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी येताना चांगली महागडी सीट घेऊन येते. तिकडच्या गाड्यांत बेल्ट स्वतःच अडकून राहतो, त्यामुळे तिकडच्या पुष्कळ सीटना चिमटा नसतो. आपल्या गाडीत तशी सीट बेल्टने बांधली की वर सांगितलेली ढील हमखास येते. फोटोत चिमटा कुठेच दिसत नसेल तर मी हा प्रश्न आधी विचारतो. सीटमागचं सुरक्षा मानकाचं लेबलही फोटोत मागतो: आपल्याकडचं ए.आय.एस. ०७२, किंवा युरोपचं आर४४ किंवा आर१२९.

मुलाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच आहेत, आणि चुकाही सारख्याच. खांद्याच्या पट्ट्या कुठून बाहेर येतात ते बाजूच्या फोटोत बघावं: तोंड मागे असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पुढे असताना खांद्याला किंवा किंचित वर. सीटच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच धरावं. ढील ओळखायला सावली बघायची. फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा मुलाच्या छातीच्या उंचीवर धरून फोटो काढला की पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये पोकळी असेल तिथे सावलीची रेघ दिसते. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत ती लपते. त्याहून खात्रीचा फोटो म्हणजे आईने गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करतानाचा. चिमटीत घडी आली तर अजून आवळा. बोटं नुसती घसरली तर ठीक.

आपल्याकडच्या फोटोंत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. घाम येतो म्हणून पाठीमागे दुमडलेला टॉवेल किंवा ओढणी, आणि थंडीत जाड स्वेटर. दोन्हींमुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत कापड दबतं आणि तेवढी ढील मोकळी होते. स्वेटर काढून पट्टे आवळावेत आणि वरून शाल घालावी. टॉवेल सीटसोबत आलेला नसेल तर तो काढूनच टाकावा.

तर निवड कशी करावी? गाडीत आयसोफिक्सच्या दांड्या असतील आणि मूल सीटच्या वजनमर्यादेत बसत असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी आयसोफिक्सकडेच झुकेन. प्रत्येकाची गाडी आणि गरज वेगळी, हे धरूनही. आर४४ च्या आयसोफिक्स सीट अनेकदा १८ किलोपर्यंतच तशा वापरता येतात, पुढे बेल्ट लागतोच, हे खरेदीपूर्वी बघून ठेवावं. जुनी गाडी असेल, सीट दोन गाड्यांत फिरवायची असेल किंवा मधल्या जागी बसवायची असेल, तर बेल्टचीच घ्यावी लागेल. तेव्हा चिमटा असलेलीच निवडा. दुकानात पैसे द्यायच्या आधी ती आपल्या गाडीत बांधून बघू द्या म्हणून सांगा, आणि बकल कडेवर येत असेल तर ते मॉडेल सोडून द्या. सीट कुठलीही घेतली तरी मला पाठवताना दोन्ही खिडक्यांचे किंवा चिकटपट्टीचे दोन फोटो, डिकीतून टेदरचा एक, आणि मूल बसवून समोरून व बाजूने एकेक, एवढे पाठवा.