आधी नकाशा की आधी दिवसांचा तक्ता?

कल्पित राज्यातली अंतरं सांभाळायची एक वाट म्हणजे प्रमाणात काढलेला नकाशा. समजा १ सेंमी म्हणजे ५० किमी. राजधानीपासून सीमेवरचा किल्ला ६ सेंमीवर, म्हणजे सरळ रेषेत ३०० किमी. रस्ता वळणं घेतो, म्हणून ३९० धरा. रोज ३० किमी चालणाऱ्या वाटसरूला १३ दिवस लागतील, रोज २० किमी सरकणाऱ्या सैन्याला जवळपास २०. निरोप्या चौथ्या दिवशी पोचला, तर वाटेत ताजे घोडे मिळायलाच हवेत.

दुसरी वाट नुसत्या दिवसांच्या तक्त्याची. लिहिताना मला हीच जवळची वाटते, कारण पात्रं किलोमीटर नाही, मुक्काम मोजतात. पण तक्त्यातली चूक सहज दिसत नाही. पायी राजधानी ते बंदर ४ दिवस, बंदर ते मठ ३, आणि राजधानी ते मठ थेट १०? मग सगळे बंदरावरूनच जातील. मध्ये डोंगररांग असेल, तर हा आकडा शोभतो आणि दोन राज्यांची सीमाही तिथेच पडते. सपाट मैदान असेल, तर आकडा चुकलाय. म्हणून तक्त्यातली तीन-तीन ठिकाणं मी कागदावर त्रिकोणात मांडून बघते.