पाणी पिणारा 'एसी' आणि माझे 16,750 रुपये

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. दिवसभर गावाचे सातबारे आणि दाखले वाचून झेरॉक्स काढणारा माणूस मी, आणि एका यंत्राच्या पाठीवरचं चार ओळींचं स्टिकर मला वेळेवर वाचता आलं नाही. यंत्राचे 14,800, त्याच्यासोबत गळ्यात मारलेल्या बर्फाच्या बाटल्यांचे 700, रिक्षाचे 350 आणि वायरमनचे 900. एकूण 16,750 रुपये.

माझं दुकान दहा बाय बारा, वर उघडा स्लॅब, तोंड पश्चिमेला. खान्देशात मे महिन्यात पश्चिमेचं शटर म्हणजे काय, हे इकडच्यांना सांगायला नको. त्यात झेरॉक्सची दोन मशीनं स्वतःच गरम होतात. मागची तीन वर्षं लोखंडी पत्र्याचा कूलर होता. एप्रिल-मेमध्ये उत्तम चालायचा, पण मृगाचा पाऊस पडला की ओली हवा, कागद सादळलेला आणि मशीनमध्ये जाम. शिवाय नळाला पाणी चार दिवसांआड, आणि कूलर दिवसाला तीन-चार बादल्या फस्त करायचा. म्हणून यंदा एसी घ्यायचं ठरवलं. हौस म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या.

गावाबाहेरच्या मैदानावर उन्हाळी सेल लागला होता. तिथे एका स्टॉलवर पाटी: 'कूलरच्या खर्चात एसी, फिटिंग नाही, भिंत फोडणं नाही'. पांढरंशुभ्र कमरेएवढं यंत्र, चाकं, रिमोट आणि समोर निळ्या आकड्यांत 16. दुपारचा एक वाजलेला, मंडपात भट्टी पेटलेली. त्याने माझा हात धरून जाळीसमोर नेला. गार! खरंच गार वारा. मी म्हटलं, भाऊ, पॅक कर.

आता तो क्षण सांगतो, ज्यावरून मला रात्री झोप येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने जार उचलून यंत्रात पाणी ओतलं, वर बर्फाच्या दोन बाटल्या ठेवल्या. मी विचारलंसुद्धा, "एसीला पाणी कशाला?" तो म्हणाला, "वॉटर कूल्ड टेक्नॉलॉजी आहे दादा, मोठ्या मॉलच्या एसीला गच्चीवर पाणीच लागतं." ही अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून तर मी फसलो. मोठ्या एसी प्लँटच्या कूलिंग टॉवरला पाणी लागतं, पण ते आतली उष्णता बाहेर फेकायला. या डब्यात बाहेर फेकणारं काहीच नव्हतं. ना कंप्रेसर, ना गरम हवेची नळी. मंडप चारी बाजूंनी मोकळा, हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे ओल्या जाळीतून आलेला वारा गार लागणारच. आणि ते 16? ते तापमान नव्हतंच. टाकी रिकामी असली तरी 16, घामाने शर्ट चिकटला तरी 16. रिमोटवर दाबाल तो आकडा दाखवायचा, बस.

दुसरी खूण वायरमनने दिली. मी आदल्या दिवशी हौसेने 16 अँपियरचा पॉइंट करून घेतला होता, 900 रुपये देऊन. यंत्र आलं तेव्हा त्याचा प्लग पंख्याच्या प्लगएवढा. वायरमन म्हणाला, "दादा, याला हा पॉइंट लागतच नाही. मागे 110 वॅट लिहिलंय." मला वाटलं, वा, किती वीज वाचते! एक टनाचा एसी साधारण हजार वॅट खातो हे मला माहीत होतं, तरी मी खूश झालो. लोभ दुसऱ्यालाच होतो असं समजणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी.

दुकानाला काचेचं दार आहे. ते लावलं, यंत्र सुरू केलं. पहिला तासभर ठीक. नंतर गार कमी आणि दमट जास्त. शेजारून उष्णता-आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मागून आणलं. दोन वाजता 38 अंश आणि आर्द्रता 24 टक्के होती. तीन वाजता 34 अंश आणि 61 टक्के. चारला परत 35 आणि आर्द्रता 70 च्या घरात. त्याच वेळी मोठ्या मशीनचा ट्रे अडकला. रीम उघडून पाहतो तर कागदाच्या कडा पापडासारख्या वळलेल्या. एका आठवड्यात तीन रीम वाया गेल्या आणि रोलर साफ करायला मेकॅनिकने 1,200 घेतले. ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत, कारण ते धरले की मला घरी जायला लाज वाटते.

आठव्या दिवशी एक आप्पा उतारे काढायला आले. मी जारने पाणी भरत होतो. ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हाई एसी शे का रे भो? एसी पानी टाकस, हाई त पानी पेस." सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने एका वाक्यात निकाल लावला. एसी हवेतली वाफ काढतो, म्हणून त्याच्या नळीतून पाणी ठिबकतं. जे पाणी मागतं ते कूलर. त्याचं नाव काहीही ठेवा.

मग रात्री हिशोब मांडला. टाकी सात लिटरची, ती पाच तासांत संपायची, म्हणजे तासाला 1.4 लिटर. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे 0.67 युनिटइतकी उष्णता शोषली जाते, म्हणजे हा डबा तासाला जेमतेम एक युनिट उष्णता शोषणार. एक टनाचा एसी तासाला साडेतीन युनिट बाहेर काढतो. म्हणजे ही पाव टनाची वस्तू, आणि तीही उष्णता बाहेर जात नाही, वाफ बनून खोलीतच राहते. बर्फाचं तर विचारूच नका. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी एक टनाचा एसी दीड-पावणेदोन मिनिटांत काढतो. त्या दीड मिनिटासाठी मी 700 रुपये दिले.

कूलर वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही, राग त्या माणसावर आहे. आपल्या मे महिन्याच्या 43 अंशांत हवेतली आर्द्रता पंधरा टक्के असते तेव्हा ओल्या कापडाचा थर्मामीटर, म्हणजे ज्याच्याखाली कूलर हवा नेऊच शकत नाही तो आकडा, 22 च्या आसपास दाखवतो, आणि चांगल्या पॅडचा मोठा कूलर हवा 26-27 पर्यंत उतरवतो. पण अट एकच. कूलर खिडकीबाहेर, बाहेरची कोरडी हवा ओढणारा, आणि शटर किंवा मागची खिडकी उघडी, म्हणजे ओली हवा निघून जाईल. दार लावून कूलर चालवणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं. जुलैत 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली की तोच थर्मामीटर 28 दाखवतो. मग कितीही मोठा कूलर आणा, हाती लागतो तो घाम.

खर्चाचंही सांगतो, कारण तिथेच तो माणूस आपल्याला पकडतो. माझ्या व्यापारी बिलात सगळे आकार धरून युनिट 12 रुपयांच्या आसपास पडतं. जुना कूलर 180 वॅटचा, दहा तासांत 1.8 युनिट, म्हणजे रोज 22 रुपये. एक टनाचा एसी दहा तासांत नऊ युनिट धरा, रोज 108. महिन्याला 650 आणि 3,240 असा फरक आहे. ज्यांचं शटर दिवसभर उघडं, गिऱ्हाईक उभ्या-उभ्या येतं, त्यांनी किराणा असो की हार्डवेअर, कूलरच घ्यावा. उघड्या शटरला एसी म्हणजे रस्ता गार करणं. माझ्यासारखा कागद किंवा औषधं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी दार बंद करून खरा एसी. आणि एक टन हा आकडाही बाहेर 35 अंश असतानाचा असतो. आपल्या 44 मध्ये तोच एसी कमी देतो, म्हणून तापलेल्या स्लॅबखाली काटेकोर माप घेऊ नका. चाकांवरचा खरा पोर्टेबल एसीही मिळतो, त्याला जाड नळी असते जी गरम हवा बाहेर टाकते. नळी एकच असेल तर तो बाहेर टाकलेल्या हवेच्या बदल्यात फटींतून गरम हवा आत ओढतो. तरी तो एसी आहे, नळी नसलेला डबा एसी नाही.

आता दाद मागण्याची गोष्ट. स्टॉल तीन दिवसांत गायब. फोन बंद. 10,000 मी फोनवरून एका खासगी नावाच्या खात्यावर टाकले होते, 4,800 रोख. हातात कच्चं बिल, त्यावर 'एसी' असा शब्द आणि एक पुसट शिक्का. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? चालू आहे ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी." एसी म्हणून कूलर विकणं फसवणूक नसेल तर दुधात पाणीही पाहुणचार म्हणायला हवा. तिथून वजनमापेवाल्यांकडे. त्यांनी विचारलं, "खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, किंमत आहे?" मी म्हटलं, नाही, हीच तर तक्रार आहे. ते म्हणाले, "मग कारवाई कोणावर करायची?" दोन चकरा, प्रत्येकी 80 रुपये एसटीचे.

सगळ्यात जास्त चीड आली ती ग्राहक आयोगाच्या खिडकीवर. कारकून कागद न बघता म्हणाला, "दुकानासाठी घेतलं ना? मग व्यावसायिक वापर झाला, तुम्ही ग्राहकच नाही." मी मान खाली घालून परत आलो. नंतर ओळखीच्या वकिलाने सांगितलं की 2019 च्या ग्राहक कायद्यातच लिहिलंय, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. खिडकीवरून 'नाही' ऐकलं तर तेच लेखी मागा, बघा कसा आवाज खाली येतो. आधी 1915 वर फोन करून तक्रार क्रमांक घेतला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते.

आणि पक्कं बिल. त्यात वस्तूचा कोड असतो. 8415 ने सुरू होत असेल तर एसी, 8479 असेल तर कूलर. पक्कं बिल मागताच जो "जीएसटी वेगळा लागेल दादा" म्हणतो, त्याच्याकडून पाणी पिऊन निघून या. मी तेच ऐकून 'वाचले' म्हटलं होतं.

तक्रार आता दाखल आहे. जुना पत्र्याचा कूलर मागच्या खिडकीबाहेर परत लावलाय, मोठं मशीन त्याच्या वाऱ्यापासून लांब. मंडळी रोज म्हणते, तो डबा भंगारात द्या, नजरेसमोरून तरी जाईल. पण वकील म्हणतात पुरावा आहे, हलवू नका. तो कोपऱ्यात उभा आहे, त्यावर लॅमिनेशनचं मशीन ठेवलंय, आणि चुकून कोणी बटण दाबलं की अजून 16 दाखवतो.