स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड: तिरकं पान सरळ करतं, पण अनुस्वारावर नजर ठेवा

पावसाळ्यापासून स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड हे स्कॅन केलेली पानं साफ आणि सरळ करणारं सॉफ्टवेअर रोजच्या वापरात आहे. काम एकाच जातीचं: नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांतून स्कॅन होऊन आलेली वाटणीपत्रं, खरेदीखतं, सातबारे साफ करायचे आणि इंग्रजीत न्यायचे. मूळ दस्त क्वचितच बघायला मिळतो. हाती येते ती झेरॉक्सची झेरॉक्स, दोन-तीन अंश तिरकी आणि ठिपक्यांनी भरलेली. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या सहा पायऱ्या वापरणाऱ्यांना पाठ असतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. लिहायला बसायचं कारण म्हणजे एक लाल ठिपका.

निफाड तालुक्यातल्या एका वाटणीपत्राचं पान. Output पायरीत Despeckling नावाचा टॅब आहे, त्यात सॉफ्टवेअर जे ठिपके पुसणार ते लाल रंगात दाखवतं. समासातली घाण लाल होती, ठीक. पण ‘त्यांच्या हिश्श्यास’ मधला अनुस्वारही लाल होता, आणि खालच्या तक्त्यात आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, रकान्यातल्या ‘२.४५’ मधला बिंदूसुद्धा. म्हणजे साफ झालेल्या पानावर ‘त्याच्या हिश्श्यास’ आणि ‘२४५’. दोन्ही वाचायला अगदी सरळ. इकडच्या माणसाला एवढ्याशा तुकड्याला दोनशे पंचेचाळीस रुपये आकार खटकेल, परदेशात बसून अनुवाद वाचणाऱ्याला काय खटकणार? पान जितकं स्वच्छ दिसतं तितकी शंका कमी येते, हा यातला खरा धोका.

असं का होतं हे समजायला थोडा हिशोब करावा लागतो. साध्या बारा पॉइंटच्या छपाईत अनुस्वार साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सुमारे १२ पिक्सेल बसतात, म्हणजे अनुस्वार सहा पिक्सेल रुंद आणि क्षेत्रफळ पंचवीस-तीस पिक्सेल. टोनरचा कण दोन-तीन पिक्सेलचा. फरक स्पष्ट आहे, यंत्राला निवडता येतं. तेच पान २०० डीपीआयला स्कॅन केलं की अनुस्वार चार पिक्सेलवर येतो, आणि झेरॉक्समध्ये आधीच झिजला असेल तर तीनवर. आता तो आणि घाण एकाच मापाची झाली. पुढे कुठलीही सेटिंग लावा, एकाला वाचवायचं तर दुसरा राहणार.

फॅक्सची गत याहून वाईट. बँकांच्या, निर्यातदारांच्या जुन्या फायलींतून अजून अशी पानं निघतात. साध्या दर्जाचा फॅक्स आडवा २०४ आणि उभा फक्त ९८ डीपीआय असतो, म्हणजे अनुस्वाराच्या वाट्याला उंचीला दोनच ओळी. शिवाय पिक्सेल चौरस नसल्यामुळे पान अर्ध्या उंचीचं, चेपलेलं उघडतं. बरेच जण ते तसंच सरळ करायला घेतात आणि अक्षरं एका बाजूला कलतात. कारण चेपलेल्या पानावर कोनच खोटा असतो. पीडीएफमधून पान काढण्याआधी एवढं बघा:

```
pdfimages -list fax.pdf
```

शेवटच्या रकान्यांत `x-ppi` आणि `y-ppi` येतात. तिथे २०४ आणि ९८ दिसलं की स्कॅनटेलरच्या Fix DPI खिडकीत दोन्ही आकडे वेगवेगळे भरायचे. पान त्याच्या खऱ्या उंचीला येतं, मग कोन बघायचा. उंची परत आली तरी तपशील परत येत नाही. अशा पानावर ठिपके काढायची सोय पूर्ण बंद ठेवा, दुसरा मार्ग नाही.

सुरुवातीचे कित्येक आठवडे माझं मत असं होतं की देवनागरीसाठी ही सोयच निरुपयोगी आहे. मत थोडं बदललंय. हे सॉफ्टवेअर नुसतं माप बघत नाही, ठिपका मोठ्या अक्षराच्या किती जवळ आहे हेही बघतं. जवळचा ठेवतं, एकटा पडलेला पुसतं. त्यामुळे ग्रे रंगात ३०० डीपीआयला स्कॅन केलेल्या पानावर सगळ्यात खालची पातळी, म्हणजे स्लायडर १ वर, ठेवली तर शिरोरेषेवरचे अनुस्वार बहुतेक सगळे वाचतात. २ च्या वर नेण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. वर ज्या पानाचं सांगितलं ते दुकानदाराने काळ्या-पांढऱ्यात २०० ला स्कॅन केलं होतं आणि स्लायडर २ वर होता. दोष दोघांत वाटून घ्यावा लागेल.

पण जवळ असेल ते ठेवायचं या नियमाची दुसरी बाजू आहे, आणि तीच मला जास्त छळते. घाणीचा कण नेमका शिरोरेषेच्या वर पडला तर सॉफ्टवेअर त्याला अक्षराचा भाग समजून जपून ठेवतं. ‘त्याच्या’ चं ‘त्यांच्या’ होतं. पुसलेला अनुस्वार निदान लाल दिसतो, हा उपटसुंभ कुठेच दिसत नाही. व्याकरणाचाही आधार नाही, कारण दस्तात वडिलांचा उल्लेख आदरार्थी ‘त्यांच्या’ असाच येतो, म्हणजे एक माणूस की अनेक हे वाक्यावरून ठरत नाही.

खरा-खोटा ओळखायला ग्रे स्कॅन ४०० टक्के मोठा करून बघावा लागतो. त्याच पानावरचे चार-पाच नक्की खरे अनुस्वार शोधायचे आणि ते शिरोरेषेपासून किती उंच बसलेत ते बघायचं. छापील मजकुरात ही उंची जवळजवळ बदलत नाही. संशयित ठिपका त्याहून खाली किंवा बाजूला सरकलेला असेल तर तो बहुधा घाण. मग काळेपणा: खरा अनुस्वार शेजारच्या काना-मात्रेइतकाच काळा असतो, काचेवरच्या धुळीचा ठिपका बरेचदा फिकट राखाडी. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हा पुरावाच नष्ट झालेला असतो, म्हणून ग्रेचा एवढा आग्रह.

आणखी एक खूण फार उपयोगी पडते. ठिपका प्रत्येक पानावर त्याच जागी असेल तर तो काचेवरचा. एकाच पानावर वरून खाली ठरावीक अंतराने येत असेल तर झेरॉक्स यंत्राच्या ड्रमवरचा ओरखडा. अंतर ड्रमच्या परिघाइतकं असतं: ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमला सुमारे ९४ मिलिमीटर, २४ च्या ड्रमला ७५. पट्टी लावून मोजा. त्याच उभ्या रेषेत ९४ मिलिमीटर वर आणि खाली असाच डाग सापडला, तर मधल्या ‘अनुस्वारा’चा निकाल लागला. असे डाग Fill Zones मध्ये हातानेच चौकट आखून पांढरे करावेत, स्लायडरवर सोडू नयेत.

स्टॅम्पपेपरचं पहिलं पान ही वेगळी डोकेदुखी. ज्याला आपण घाण म्हणतो ती तिथे बरेचदा घाण नसतेच, मागच्या रंगीत नक्षीचे ठिपके झेरॉक्समध्ये काळे होऊन आलेले असतात. इथे ठिपके पुसत बसू नका, आधी काळ्या-पांढऱ्याची मर्यादा बदला. Output मध्ये Otsu पद्धत ठेवून स्लायडर Thinner कडे थोडा सरकवला की फिकट नक्षी आपोआप गळते. शिवणीच्या बाजूला सावली असेल तर मात्र Otsu तो भाग काळा करून टाकतं, तिथे Sauvola घ्यावं लागतं.

आता कौतुकाचं. तिरकेपणा काढण्यात हे पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरइतकंच चांगलं आहे. एक अंशाचा तिरकेपणा किरकोळ वाटतो, पण १७० मिलिमीटर रुंद मजकुरात ओळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन मिलिमीटर वर जातं, आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर दोन ओळी एकमेकींत मिसळतं. शिरोरेषेची आडवी ओळ मिळत असल्याने देवनागरी पानांवर कोन सहसा अचूक सापडतो. छापील नमुन्यात मजकूर वेगळ्या कोनात टाइप केलेला असला की मात्र ते तक्त्याच्या रेषा धरतं. तिथे कोन हाताने फिरवून शिरोरेषा जाळीच्या रेषेवर बसवा, तक्ता तिरका राहिला तरी चालेल. एक अंश तिरक्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शिरोरेषेला दर ५७ पिक्सेलला एक पायरी पडलेली असते, ती सरळ केल्यावरही खडबडीत राहते. परत ग्रे!

दुकानदार काळं-पांढरं का देतो? फाइल लहान होते म्हणून. ए४ पान ३०० डीपीआयला ग्रेमध्ये न दाबता साडेआठ एमबीच्या पुढे जातं, काळ्या-पांढऱ्यात साधारण एक एमबी. त्यामुळे ‘ग्रे, तीनशे’ असं स्पष्ट सांगायचं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा.

सध्या प्रत्येक पान दोनदा काढतो: एकदा ठिपके पुसून, एकदा सोय बंद ठेवून. दोन्हींचा मजकूर ओळखून घेतला की तुलना करता येते:

```
tesseract saf.tif saf -l mar --psm 6
tesseract mul.tif mul -l mar --psm 6
diff saf.txt mul.txt
```

ज्या ओळी वेगळ्या निघतात तिथेच बहुतेक एखादा अनुस्वार किंवा दशांशबिंदू पणाला लागलेला असतो. अख्खं पान डोळ्यांत तेल घालून वाचण्याऐवजी दहा-बारा ओळी ग्रेशी ताडल्या की झालं. जुन्या टंकलिखित दस्तांवर याचा उपयोग नाही, तिथे मुळातच इतक्या चुका निघतात की सगळंच वेगळं दिसतं. आकड्यांसाठी तर तक्त्याची बेरीज हाच उत्तम पहारेकरी. आकाराच्या रकान्यात २.४५ चे २४५ झाले की एकूण जुळत नाही. जिथे बेरीज नाही आणि ग्रेमध्येही ठरत नाही, तिथे अनुवादात ‘मूळ प्रत अस्पष्ट’ अशी चौकटी कंसातली नोंद करतो आणि पक्षकाराला नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल आणायला सांगतो.

तक्रारी दोन. एक, पीडीएफ थेट उघडत नाही आणि निकालही टिफमध्येच मिळतो, म्हणजे दोन्ही टोकांना वेगळं साधन लागतं. दुसरी, प्रकल्पाची फाइल चित्रांचा पत्ता लक्षात ठेवते. फोल्डर पेन ड्राइव्हवर हलवला की पानं सापडत नाहीत, Tools मधल्या Relinking मध्ये जाऊन नवा पत्ता द्यावा लागतो. आउटपुटचं out फोल्डर पक्षकाराला पाठवताना ग्रे मूळ पानंही सोबत द्या, उलटतपासणीत ठिपक्याबद्दल कुणी विचारलं तर दाखवायला तीच लागतात.