फाउंडेशनला सुट्टी: टिंटेड मॉइश्चरायझर, बीबी आणि सीसी क्रीम वापरून झाल्यावर

माझी त्वचा मिश्र आहे. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे, गालांवर फिकट वांग आणि हनुवटीवर मुरुमांचे जुने डाग. गेले काही महिने रोजच्या ऑफिससाठी मी ही तिन्ही क्रीम आलटून-पालटून वापरली.

टिंटेड मॉइश्चरायझर म्हणजे रंगाची हलकी झाक असलेलं मॉइश्चरायझर. वांग त्यातून स्पष्ट दिसतो. त्याने चेहरा तुकतुकीत दिसतो, एवढंच. ज्यांना झाकण्यासारखं फारसं काही नाही, त्यांना फाउंडेशनची गरज मुळातच नसते, आणि त्यांच्यासाठी हे पुरेसं आहे. माझ्या नाकावर मात्र ते दुपारपर्यंत विरघळून जायचं.

बीबी म्हणजे ब्लेमिश बाम. सुरुवातीला ते जर्मनीत, त्वचेवरच्या उपचारांनंतरचा लालसरपणा झाकायला बनवलं गेलं आणि पुढे कोरियाने ते जगभर नेलं. याने रंग बराच एकसारखा होतो, पण हनुवटीचे डाग पुसटच होतात, जात नाहीत. ते झाकायला मी दुसरा थर द्यायचे, तेव्हा क्रीम नाकाच्या कडेला साचायचं. त्यापेक्षा एकच पातळ थर आणि फक्त डागांवर बोटाने थोपटलेला कन्सीलर, ही जोडी रोजच्या फाउंडेशनच्या तोडीस तोड ठरली.

सीसी म्हणजे कलर करेक्टिंग, त्याचं काम रंग सुधारण्याचं. लालसरपणावर हिरवट, डोळ्यांखालच्या निळसर-करड्या छटेवर पीच, असा विरुद्ध रंग मूळ रंगाला मारतो. त्यामुळे वांग मात्र सीसीनेच सर्वांत कमी थरात दबला. अर्थात ही नावं कुठल्या नियमाने बांधलेली नाहीत. एका कंपनीचं सीसी दुसरीच्या बीबीपेक्षा पातळ निघू शकतं, म्हणून डबीवरच्या दोन अक्षरांवर जाऊ नका.

शेड जबड्याच्या कडेला लावून अर्धा तास थांबा आणि मग खिडकीच्या उजेडात बघा. त्वचेच्या तेलात मिसळून काही क्रीम गडद किंवा केशरी होतात. माझं बीबी तसंच निघालं, म्हणून पुढच्या वेळी एक शेड फिकी घेतली.

आता या क्रीमच्या डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून मोजतात. एवढं सीसी लावलं तर चेहरा लिंपल्यासारखा दिसेल! त्यामुळे खाली वेगळं सनस्क्रीन हवंच. ते मुरल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, वरचं क्रीम चोळायचं नाही, थोपटायचं. चोळलं की रबर खोडल्यासारखे बारीक गोळे सुटतात. या क्रीममधल्या रंगाचा एक फायदा आहे: तो देणारे आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काहीसा अडवतात, आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतो. साध्या, रंग नसलेल्या सनस्क्रीनला हे सहसा जमत नाही.

सध्या रोज सीसी लावते. फाउंडेशन फक्त लग्नसमारंभाला निघतं, कारण तिथे मेकअप रात्रीपर्यंत टिकायला हवा.