क्लोरहेक्सिडिनची चूळ की चहाचं वेळापत्रक?

दोन-तीन दाढांत सिमेंट भरून झालंय, हिरड्या ठणठणीत आहेत, आणि तरीही तपासणीला गेलं की नवी कीड निघतेच. अशा माणसापुढे साधारण दोन रस्ते असतात. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने जंतू मारायचे, नाहीतर जंतूंच्या मागे न लागता तोंडात साखर जाण्याच्या वेळा कमी करायच्या आणि फ्लोराइडची पेस्ट नीट वापरायची. मी दोन्ही करून पाहिलं आणि दुसऱ्यावर टिकलो. पण पहिली बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

1924 साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू वेगळा काढला. त्याच्यावरचा आरोप भक्कम आहे. आपल्या नेहमीच्या साखरेतली बरीचशी तो जाळून लॅक्टिक आम्ल करतो आणि थोडी वापरून चिकट, पाण्यात न विरघळणारं ग्लुकन विणतो. त्यामुळे तो दाताला घट्ट धरून बसतो, आणि त्या चिकट थराच्या आत तयार झालेल्या आम्लापर्यंत लाळ सहज पोचत नाही. 1960 मध्ये कीज यांनी हॅमस्टरवर दाखवलं की कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पसरू शकते. मग आरोपी ठरला, त्याला मारा, हे ओघानेच आलं. क्लोरहेक्सिडिन ते करतंही. 0.2 टक्क्यांचं द्रावण, 10 मिली, दिवसातून दोनदा. ते दातांना आणि तोंडाच्या अस्तराला चिकटून राहतं, म्हणून थुंकल्यावरही काही तास काम करतं. शिवाय म्युटन्स त्याला दातांवरच्याच सँग्विनिस या निरुपद्रवी जंतूपेक्षा लवकर बळी पडतो, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा.

अडचण अशी की म्युटन्स कीड नसलेल्या तोंडांतही सापडतो, आणि काही किडलेल्या जागी तो जवळजवळ नसतोच. म्हणजे नुसतं त्याचं असणं पुरेसं नाही. इथे 1989 चा ब्रॅडशॉ आणि मार्श यांच्या गटाचा प्रयोग मला फार पटतो. त्यांनी तोंडातले नऊ प्रकारचे जंतू एकत्र वाढवले आणि त्यांना रोज ग्लुकोज दिलं. एका भांड्यात पीएच 7 वर, म्हणजे ना आंबट ना खारा, असा धरून ठेवला. तिथे साखर मिळूनही जंतूंचं आपसातलं प्रमाण फारसं बदललं नाही. दुसऱ्यात पीएच पडू दिला, म्हणजे आम्ल वाढू दिलं, तर म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस वर आले आणि बाकीचे मागे पडले. साखर दोन्हीकडे सारखीच होती. निवड केली ती आम्लाने.

हे तोंडात कसं घडतं? दात घासल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, आणि त्यावर आधी येतात सँग्विनिस, ओरॅलिस, मायटिस अशी मंडळी. आम्ल तीही करतात, पण पीएच 5.5 च्या आसपास आला की त्यांचा वेग मंदावतो. म्युटन्स पेशीत शिरलेलं आम्ल पंपाने बाहेर फेकत राहतो आणि त्याहून आंबट परिसरातही काम चालू ठेवतो. दाताचं एनॅमल विरघळायला लागतं तेही साधारण याच 5.5 पाशी. सँग्विनिस आणि त्याचा भाऊबंद गॉर्डोनी लाळेतल्या आर्जिनिन नावाच्या द्रव्यापासून अमोनिया करतात, म्हणजे आम्ल मारायची सोय तोंडात मुळातच असते. वारंवार आम्ल झालं की हेच जंतू कमी होतात, पीएच वर यायला जास्त वेळ लागतो, आणि म्युटन्सचं आणखी फावतं. शेतात तण उपटत राहायचं आणि पाणी तसंच तुंबू द्यायचं, तर पुन्हा तेच तण येणार. चुळीचं मला तसंच वाटतं. दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या मध्ये ती धड पोचत नाही, तिथले म्युटन्स वाचतात, आणि चूळ थांबल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत पसरतात.

आता वेळापत्रक. 1940 च्या दशकात स्टीफन यांनी दाखवलं की गोड पदार्थानंतर प्लाकचा, म्हणजे दातांवरच्या जंतूंच्या थराचा, पीएच काही मिनिटांत कोसळतो आणि मूळ जागी यायला अर्धा ते एक तास लागतो. ऑफिसात बसणाऱ्या एखाद्याचा दिवस घ्या. सातला चहा, नऊला पोहे आणि चहा, अकराला चहा-बिस्किट, जेवणानंतर साखर लावलेली बडीशेप, साडेतीनला चहा, साडेपाचला आणखी एक, रात्री जेवणावर गोड. सात वेळा घसरण. प्रत्येक वेळी पीएच धोक्याच्या रेषेखाली अर्धा तास धरला, तर साडेतीन तास होतात. तेवढीच साखर नाश्ता आणि दोन जेवणांसोबतच घेतली आणि मधले चहा बिनसाखरेचे केले, तर दीड तास. हा अंदाज ढोबळ आहे, प्रत्येकाची लाळ वेगळी. स्वीडनमधल्या व्हिपेहोमच्या प्रयोगातही जेवणासोबतच्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफींनी फार जास्त कीड केली. (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेतल्या लोकांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच.)

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय या आकड्यांनी नाही, चहाने केला. क्लोरहेक्सिडिन आणि चहा यांचं जमत नाही. दातांवर, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या आतून, तपकिरी डाग चढतात आणि ते साध्या ब्रशने निघत नाहीत. चूळ भरल्यावर निदान तासभर चहा नको. पेस्टमधल्या फेस करणाऱ्या द्रव्याने औषध निकामी होतं, म्हणून घासणं आणि चूळ यांतही निदान अर्धा तास सोडायचा. म्हणजे उठायचं, घासायचं, थांबायचं, चूळ भरायची, पुन्हा थांबायचं, मग चहा. त्यातून काही काळ खारटपणा कळेनासा होतो. घरच्यांना बरोबर लागणारी आमटी मला अळणी लागायची, आणि मी वरून मीठ घेतोय हे बघून घरात जे बोलणं व्हायचं ते वेगळंच. चहा घड्याळ बघूनच प्यायचा असेल, तर तो दातांच्या सोयीने पिऊ, बाटलीच्या कशाला, असं मला झालं. आणखी एक त्रास नंतर कळला. दातावरचा तपकिरी ठिपका औषधाचा डाग आहे की थांबलेली जुनी कीड, हे घरच्या आरशात ओळखणं अवघड होऊन बसतं.

तरीही दाढ काढल्यावर, हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हाताला दुखापत होऊन ब्रश धरता येत नसेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ती बाटली वापरावीच. आणि औषधांमुळे किंवा किरणोपचारांमुळे ज्यांची लाळ आटलीय, त्यांना नुसतं वेळापत्रक पुरणार नाही. त्यांनी माझं ऐकण्यापेक्षा डेंटिस्टशी बोलावं.

बाकीच्यांनी माझ्या मते बाटलीचे पैसे वाचवून पेस्टचा खोका वाचावा. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा 1000 पीपीएम आहे, त्याच्या जवळपासची घ्यावी. रात्री घासून फेस थुंकावा, पण नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. झोपेत लाळ कमी होते, तेव्हा उरलेलं फ्लोराइडच कामाला येतं. फरक पडतोय का, ते हिरडीलगत बघा. दात कोरडा केल्यावर खडूसारखा पांढरा, निस्तेज, खरबरीत पट्टा दिसला तर कीड चालू आहे. तोच पट्टा काही महिन्यांनी गुळगुळीत आणि चकचकीत झाला, तर ती बहुतेक थांबलीय. पुढच्या तपासणीला तो डेंटिस्टला मुद्दाम दाखवा.