मुलाखतींचं संकलन ट्रान्स्क्रिप्टवरून: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मी माहितीपटांचं संकलन करते. गेल्या वर्षी गिरणगावातल्या निवृत्त कामगारांच्या १४ मुलाखती माझ्याकडे आल्या, एकूण साधारण २२ तासांचं फुटेज. आधीची माझी पद्धत म्हणजे वही, पेन आणि टाइमलाइन. ऐकायचं, थांबायचं, टाइमकोड लिहायचा, पुन्हा मागे जायचं. एक तासाची मुलाखत नीट नोंदवायला मला अडीच ते तीन तास लागायचे. यावेळी प्रत्येक मुलाखतीचा आपोआप तयार झालेला ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लेखी मजकूर, घेऊन काम केलं. त्याचा खरा उपयोग कुठे झाला आणि कुठे त्याने जवळजवळ घात केला, ते लिहिते.

पहिले तीन महिने मी अशी एक ऑनलाइन सेवा घेतली होती, जिथे मजकुरातलं वाक्य खोडलं की व्हिडिओतलंही ते कापलं जातं. नंतर ती सोडली आणि माझ्याच संगणकावर व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं मोफत मॉडेल चालवायला लागले. कॅमेऱ्याचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज आधी सिंक करायचा, मग सिंक झालेल्या क्लिपमधून फक्त कॉलर माइकचा ट्रॅक बाहेर काढायचा आणि रात्री हे लावून झोपायचं:

```
whisper aaji_07.wav --model large-v3 --language mr \
  --word_timestamps True \
  --condition_on_previous_text False \
  --output_format srt
```

शेवटून दुसरी ओळ महत्त्वाची आहे. मॉडेल मागचा मजकूर पाहून पुढचा ठरवतं, त्यामुळे लांब शांतता आली की कधी कधी तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत सुटतं. हा पर्याय दिल्यावर ते बरंच कमी होतं. सिंक आधी का, तर उलट क्रमाने केलं की मजकुरातली वेळ आणि टाइमलाइनवरची वेळ जुळत नाही, आणि मग प्रत्येक वाक्य शोधत बसावं लागतं.

सगळ्यात मोठा फायदा शोधण्याचा. दिग्दर्शकांनी विचारलं, "भोंग्याबद्दल कोण कोण बोललंय?" पूर्वी या प्रश्नाला माझा एक दिवस गेला असता. आता पाच मिनिटं. मात्र मराठीत शोधताना पूर्ण शब्द टाकून चालत नाही. 'भोंगा' शोधला तर 'भोंग्याच्या आवाजाने' सापडत नाही, गिरणीतल्या मागाला म्हणतात तो 'साचा' शोधला तर 'चार साच्यांवर' निसटतं. म्हणून 'भोंग', 'साच', 'खाणावळ' असे मूळ तुकडे टाकायचे. शिवाय कामाचे शब्द मशीन हमखास चुकवतं. बायका सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात होत्या, आणि माझ्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये ते कितीतरी ठिकाणी 'वायरिंग' झालं होतं. आता मी प्रत्येक मुलाखतीची पहिली दहा मिनिटं मजकूर समोर ठेवून ऐकते, चुकणाऱ्या शब्दांची यादी करते आणि ते सगळीकडे एकदम बदलून घेते. हा अर्धा तास वाचवायला जाऊ नये.

आता ज्या चुकीने मला हादरवलं ती सांगते. सातव्या मुलाखतीतल्या आजी १९८२ च्या संपाच्या सुरुवातीबद्दल बोलत होत्या. ट्रान्स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, "त्या दिवशी मी गेले नाही कामावर." मी कागदावर संपाचा भाग बांधत होते. चार जणांच्या अशाच वाक्यांमध्ये हे वाक्य इतकं चपखल बसलं की मी ते तसंच रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत ओढलं. प्रिव्ह्यू एकदा चालवला, पण नजर मजकुरावर होती, त्यामुळे कानांनीही तेच ऐकलं. रफ कट पाहताना दिग्दर्शक म्हणाले, "अगं थांब. मी समोर बसलो होतो. त्या गेल्या होत्या कामावर." हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आजी म्हणत होत्या, "त्या दिवशी मी गेले ना कामावर." त्या 'ना'चं मशीनने 'नाही' केलं होतं. ज्या बाईने पहिल्या दिवशी गिरणीत पाऊल टाकल्याचं ओझं इतकी वर्षं मनात ठेवलं, तिला आम्ही संपकऱ्यांच्या रांगेत उभं करणार होतो.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. कटमध्ये येणाऱ्या प्रत्येक वाक्यातला नकार, 'ना' आणि 'च' मी मजकूर बंद करून ऐकते. 'च' तर मशीन सहज गिळून टाकतं. "संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही आम्हाला" हे वाक्य मजकुरात "सांगितलं नाही" असं आलं होतं. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही, त्यामुळे त्या 'च'मध्ये त्या माणसाची सगळी तक्रार आहे. मजकूर वाचून निवड केली असती तर हे वाक्य मला साधं वाटून मागे पडलं असतं.

दुसरी अडचण शांततेची. त्या ऑनलाइन सेवेत एक बटण होतं, ठरावीक वेळेपेक्षा मोठे सगळे विराम एकदम काढून टाकायचं. मी एक सेकंदाची मर्यादा ठेवून ते वापरलं आणि मुलाखत ऐकायला चटपटीत झाली म्हणून खूश झाले. मूळ फुटेज पाहिलं तेव्हा कळलं की "गिरणी बंद झाली" आणि "मग काय, भाजी घेऊन बसले रस्त्यावर" यांच्यात नऊ सेकंद आजी खिडकीकडे बघत होत्या. मजकुरात ती दोन वाक्यं एकाखाली एक येतात, मध्ये काहीच दिसत नाही. आता दीड सेकंदाच्या वरचा प्रत्येक विराम मी ट्रान्स्क्रिप्टमध्ये कंसात सेकंद लिहून नोंदवते, म्हणजे कागदावर रचना करतानाही तो डोळ्यांसमोर राहतो.

प्रत्यक्ष कटाचं काम मात्र मजकुरावर कधीच संपत नाही. शब्दाची सुरुवात आणि शेवट मशीन अंदाजाने ठरवतं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि माझ्याकडे हा अंदाज सर्रास तीन-चार फ्रेमने चुकतो. 'होतं', 'केलं' अशा शेवटांना आवाज हळूहळू विरतो, त्यामुळे शब्दाचं शेपूट कापलं जातं आणि बोलणाऱ्याला कुणी मध्येच तोडल्यासारखं वाटतं. मी वाक्य ओढताना दोन्ही बाजूंना पाच-सहा फ्रेम जास्त घेते आणि वेव्हफॉर्म म्हणजे आवाजाचा आलेख बघून, श्वास सांभाळून शेवट ठरवते. मजकुरातल्या पूर्णविरामावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तिथे पुष्कळदा आवाज वर चढलेला असतो. तिथे कापलं की वाक्य अधांतरी लटकतं. आणि खोलीत पंखा चालू असेल तर दोन तुकड्यांच्या जोडावर त्याचा आवाज उडी मारतो. शूटिंगच्या वेळीच कुणीही न बोलता तीस सेकंद खोलीचा आवाज घेऊन ठेवलेला असेल तर तो खाली पसरून हे झाकता येतं.

हिशेब सांगायचा तर एका तासाच्या मुलाखतीची नोंद आता दुरुस्तीसकट सव्वा तासात होते. रफ कटला मात्र मला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

चौदापैकी दोन मुलाखती मालवणीत होत्या. तिथे मशीनने "माका"चं "मला" केलं आणि मध्येच अख्खी वाक्यं सोडून दिली. वाचायला मजकूर अगदी स्वच्छ दिसत होता, म्हणूनच फसायला झालं असतं. त्या दोन मुलाखती मी वही घेऊन, टाइमलाइनवर, जुन्याच पद्धतीने नोंदवल्या.