दोन बुकींमधला आर्बिट्राज: सात महिने करून पाहिल्यावर

कंपनीच्या कामाने सात महिने इंग्लंडात होतो. तिथे बुकमेकरला परवाना असतो, म्हणून एकाच सामन्याच्या दोन्ही बाजूंवर दोन वेगळ्या बुकींकडे पैज लावून भावांतल्या फरकातून नफा काढायचा हा प्रकार रीतसर करून पाहिला. नाशिकला परतल्यावर सोडला. इथे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच आहेत. पण गंगापूर रोडच्या मित्रमंडळींना अजून उत्सुकता आहे: "बिनजोखमीचा नफा असतो म्हणे?"

कागदावर असतो. टेनिसचा एक सामना घ्या. पहिल्या बुकीकडे 'अ' खेळाडूला २.१० भाव, दुसऱ्याकडे 'ब'ला २.०५. एकला दोन्ही भावांनी भागून बेरीज करायची: ०.४७६ अधिक ०.४८८, म्हणजे ०.९६४. एकच्या आत आली की फट सापडली. 'अ'वर १०० पौंड लावले तर तो जिंकल्यावर २१० येतात. 'ब'कडूनही तेवढेच यायला हवेत, म्हणून २१० भागिले २.०५, म्हणजे १०२.४४ लावायचे. गेले २०२.४४, आले २१०. कोणीही जिंको, साडेसात पौंड सुटले.

आता माझं काय झालं ते सांगतो. पहिले १०० लागले. दुसऱ्या साइटवर रक्कम टाकून बटण दाबलं, तर भाव बदलल्याची सूचना आली: १.८५. मध्ये वीसेक सेकंद गेली असतील. वडील निफाडचे कांदेवाले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "लासलगावचा भाव ऐकून ट्रॅक्टर भरला आणि पोचेपर्यंत लिलाव उतरला, त्यातलंच हे."

पण ट्रॅक्टर माघारी नेता येतो, लागलेली पैज नेता येत नाही. १.८५ ला बरोबरी साधायची तर ११३.५१ लावावे लागतात आणि साडेतीन पौंडांचा तोटा पक्का होतो. न लावावं, तर १०० पौंडांचा निव्वळ जुगार. मी तोटा घेतला. भाव परत चढेल म्हणून थांबायचा मोह फार होतो, आणि तिथेच आपण सट्टेबाज होतो.

त्यानंतर पहिली पैज लावण्याआधी एक आकडा काढून ठेवू लागलो. २.१० ला २.१० वजा १ ने, म्हणजे १.१० ने भागलं की १.९१ येतात. समोरचा भाव तिथपर्यंत उतरला तरी खिशाला चाट नाही. २.०५ ते १.९१ एवढीच आपली सवड.

क्रमही महत्त्वाचा. जो भाव बाकीच्या बाजारापेक्षा वेगळा दिसतो, तो आधी लावायचा, कारण उडणार तोच. तिथे बुकीने १०० ऐवजी १२ च पौंड घेतले, तरी दुसरी बाजू त्या हिशेबाने कमी करता येते. उलट क्रमात अडकलो असतो. पाचव्या महिन्यात एका बुकीने माझी मर्यादा अशीच आवळली.

सगळ्यात महाग धडा मात्र भाव न हलताच मिळाला. अशाच भावांच्या दुसऱ्या एका सामन्यात 'ब' दुसऱ्या सेटमध्ये दुखापतीने बाहेर पडला. पहिल्या बुकीचा नियम: सामना पूर्ण नाही, पैज रद्द, १०० परत. दुसऱ्याचा नियम: एक सेट झाला की पुढच्या फेरीत गेलेला खेळाडू विजयी. माझे १०२.४४ पौंड बुडाले. दोघांचे नियम मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले.